नातवंडांसोबत वीस प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो, नातवंडं पुण्यात. व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का, अभ्यास झाला का' संपलं की बोलणं अडतं. माझ्यासारख्या आजोबांना एक खेळ सुचवतो. त्याला पट लागत नाही, सोंगट्याही नाहीत.

एकानं मनात वस्तू धरायची, दुसऱ्यानं वीस प्रश्नांत ओळखायची. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. लहान मुलं लगेच 'आंबा का? हत्ती का?' असं विचारत सुटतात आणि प्रश्न संपतात. म्हणून आधी आकड्यांवर सराव घ्या. समजा, १ ते १०० मधला ३७ मनात धरला. पन्नासपेक्षा मोठा? नाही. पंचविसापेक्षा? हो. अडतिसापेक्षा? नाही. बत्तिसापेक्षा? हो. पस्तिसापेक्षा? हो. सदतिसापेक्षा? नाही. छत्तिसापेक्षा? हो. सात प्रश्नांत सापडला! दर प्रश्नाला उरलेले आकडे साधारण निम्मे होतात. याच हिशेबानं वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त गोष्टींतून एक निवडता येते.

वस्तूंकडे वळलात की भांडणं होतात ती उत्तरांवरून. नारळ मनात असेल आणि 'सजीव आहे का?' विचारलं, तर काय सांगायचं? त्यापेक्षा 'झाडापासून मिळतो का?', 'स्वयंपाकघरात असतो का?', 'फोडावा लागतो का?' असे प्रश्न विचारायला शिकवा. उत्तर 'कधी कधी' असेल तर तसं सांगायची मुभा ठेवा, आणि तो प्रश्न मोजू नका.

पहिल्या डावात वस्तू तुम्ही धरा, पुढच्या डावात नातवंडांना धरू द्या.