एकच सेंट, दोन मनगटं

नणंदेच्या मनगटावर मोगऱ्यासारखा दरवळणारा सेंट भावजयीने लावला, तर तासाभरात त्याचा नुसता गोडसर, लाकडासारखा वास उरतो. बाटली तीच असते. फरक पडतो तो मुख्यतः उडण्याच्या वेगात.

सेंटमध्ये अनेक सुगंधी द्रव्यं मिसळलेली असतात. लिंबू-संत्र्याच्या वासाची द्रव्यं पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात, फुलांचे वास काही तास टिकतात, तर चंदन, कस्तुरी, व्हॅनिला सगळ्यांत शेवटी राहतात. ज्या घटकेला जे उडतंय, तेवढंच नाकाला कळतं. तेलकट त्वचेवर ही द्रव्यं त्वचेच्या तेलात विरघळून हळूहळू सुटतात. कोरड्या त्वचेवर धरून ठेवायला काहीच नसतं, म्हणून फुलं लवकर आटोपतात आणि तळाचा वास आधी वर येतो. म्हणजे एकाच वेळी लावूनही दोघी एकाच सुगंधाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. कनौजचं पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलातच उतरवलेलं असतं. ते स्वतःचं तेल घेऊनच येतं, म्हणून स्पिरिटच्या सेंटपेक्षा कोरड्या अंगावरही जास्त टिकतं.

हे घरी सहज पडताळता येतं. एका हाताला बिनवासाचं मॉइश्चरायझर चोळा, दुसरा कोरडाच ठेवा आणि दोन्हींवर एकेक फवारा मारा. चोळू नका. दहा मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी हुंगा. बहुतेकांना एकाच अंगावर दोन माणसं भेटतात.

दुकानात मात्र सगळं खापर त्वचेच्या आम्लतेवर फोडलं जातं. त्वचा थोडी आम्ल असते हे खरं, पण निरोगी माणसांत हा फरक लहान असतो. त्यावर इतकी भिस्त ठेवायला आधार कमी. जिवाणूंचं काम जास्त ठोस आहे. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतले जिवाणू तो फोडतात, तेव्हा वास येतो. म्हणून मनगटापेक्षा काखेजवळ मारलेला सेंट अधिक बदललेला वाटतो.

आहाराचं कामही असंच, पार्श्वभूमी बदलण्याचं. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं रक्तातून श्वासात येतात. मेथीचे लाडू खाणाऱ्यांच्या घामाला येणारा गोडसर वास मेथीतल्या सोटोलॉन या द्रव्याचा. त्यावर व्हॅनिलाचा सेंट खपून जाईल, लिंबाचा विचित्र लागेल.

आणि कधीकधी त्वचेचा दोषच नसतो. काहींना कस्तुरीसारख्या काही कृत्रिम द्रव्यांचा वासच येत नाही. ‘माझ्यावर टिकतच नाही’ असं वाटत असेल, तर आणखी चार फवारे मारण्याआधी मनगट शेजारच्या नाकाखाली धरा.