सोळा चौकटींची कसरत

‘कसरत’ आणि ‘सरकत’. दोन्ही शब्दांत अक्षरं तीच चार, फक्त ‘क’ची जागा बदललेली. आता प्रश्न असा: दोन्ही शब्दांतून काही अक्षरं खोडायची, उरलेल्यांचा क्रम मात्र हलवायचा नाही. असं केल्यावर दोन्हीकडे सारखीच उरेल अशी सर्वांत लांब अक्षरमाला कोणती?

इंजिनिअरिंगच्या ‘अल्गोरिदम’ विषयात हा प्रश्न ‘लाँगेस्ट कॉमन सबसीक्वेन्स’, थोडक्यात ‘एलसीएस’ या नावानं येतो. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग शिकवताना दिली जाणारी ही ठरलेली असाइनमेंट. प्रोग्रॅम दहा ओळींचा. तो सीनियरच्या जर्नलमधून उतरवून सबमिशन उरकता येतं, पण तोंडी परीक्षेत परीक्षक कोरा कागद पुढे सरकवून “टेबल भरून दाखवा” म्हणतात तेव्हा खरी गोष्ट सुरू होते.

पहिला मोह असतो सरळ डावीकडून जुळवत जाण्याचा. ‘कसरत’मधलं पहिलं अक्षर ‘क’. ते ‘सरकत’मध्ये तिसरं सापडतं, म्हणून घेतलं. आता ‘सरकत’मध्ये त्याच्या पुढे उरला एकटा ‘त’. ‘स’ नाही, ‘र’ नाही, शेवटी ‘त’ जुळतो. हाती आलं ‘कत’, लांबी २. पण ‘क’चा मोह सोडला असता तर ‘स’, ‘र’, ‘त’ हे तिन्ही दोन्ही शब्दांत त्याच क्रमानं बसलेले आहेत. म्हणजे बरोबर उत्तर ‘सरत’, लांबी ३. समोर दिसलेली पहिली जोडी पकडली की पुढचे मार्ग बंद होतात, आणि ते बंद झाले हे त्या क्षणी कळतही नाही.

मग सगळ्याच शक्यता तपासल्या तर? चार अक्षरांपैकी प्रत्येक ठेवायचं किंवा खोडायचं, म्हणजे १६ शक्यता. इथं चालून जाईल. वीस अक्षरं झाली की शक्यता दहा लाखांच्या वर जातात, चाळीस अक्षरांना एक लाख कोटींच्या वर. यातली गंमत अशी की या प्रचंड ढिगाऱ्यात तेच ते छोटे प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवले जात असतात. ‘कसर’ आणि ‘सर’ यांचं उत्तर एकदा काढलं, तरी दुसऱ्या वाटेनं आलं की पुन्हा काढायचं. रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा भर नेमका इथं आहे: प्रत्येक छोटा प्रश्न एकदाच सोडवा, उत्तर लिहून ठेवा, लागेल तेव्हा बघा. ते लिहून ठेवण्याची जागा म्हणजे टेबल.

कागदावर ते असं आखतात. ‘कसरत’ची अक्षरं डाव्या कडेला उभी, ‘सरकत’ची वर आडवी. प्रत्येक चौकटीत एकच आकडा लिहायचा: उभ्या शब्दाचा तिथपर्यंतचा भाग आणि आडव्या शब्दाचा तिथपर्यंतचा भाग, या दोघांत जास्तीत जास्त किती अक्षरं क्रमानं जुळतात. सुरुवातीला एक ओळ आणि एक स्तंभ शून्यांचा. तो सजावटीसाठी नाही; एका बाजूला एकही अक्षर घेतलेलं नसेल तर जुळणार काय, एवढंच तो सांगतो.

नियम दोनच. चौकटीच्या डावीकडचं आणि वरचं अक्षर सारखं असेल, तर तिरकस वरच्या डाव्या चौकटीतला आकडा घेऊन त्यात १ मिळवायचा. अक्षरं वेगळी असतील, तर डोक्यावरच्या आणि डावीकडच्या चौकटींतला मोठा आकडा जसाच्या तसा उतरवायचा.

आता ‘क’ची ओळ. ‘स’शी जुळत नाही: वर ०, डावीकडे ०, म्हणून ०. ‘र’खाली पुन्हा ०. ‘क’खाली मात्र जुळलं, तिरकस चौकटीत ०, त्यात १, झाला १. पुढे ‘त’ जुळत नाही, पण डावीकडे १ आहे, तो उतरतो. ओळ झाली ०, ०, १, १.

‘स’च्या ओळीत पहिलीच चौकट जुळते, तिथं १. पुढच्या तिन्ही चौकटींत जुळणी नाही, १ तसाच सरकत जातो. ‘क’खालच्या चौकटीपाशी क्षणभर थांबायला हवं. इथं वरही १ आणि डावीकडेही १. वरचा १ ‘क’ घेतल्यामुळे आलेला, डावीकडचा ‘स’ घेतल्यामुळे. मघाशी फसवलेला तोच फाटा, पण टेबल दोन्ही वाटा जिवंत ठेवतं, निवड करण्याची घाई करत नाही.

‘र’च्या ओळीत निकाल लागतो. ‘स’खाली वरून १ येतो. ‘र’खाली जुळणी होते; तिरकस १, म्हणून २. पुढे ‘क’खाली वरून १ आणि डावीकडून २, मोठा २. ‘क’ची वाट इथं मागे पडली. ‘त’खालीही २. शेवटची ओळ ‘त’ची: १, २, २, आणि कोपऱ्यात जुळणी, तिरकस २ अधिक १, म्हणजे ३.

```
        स   र   क   त
    ०   ०   ०   ०   ०
क   ०   ०   ०   १   १
स   ०   १   १   १   १
र   ०   १   २   २   २
त   ०   १   २   २   ३
```

कोपऱ्यातला ३ म्हणजे लांबी. अक्षरं हवी असतील तर तिथूनच उलटं चालायचं. ‘त’ जुळला होता, तो टिपून घ्यायचा आणि तिरकस वर जायचं. तिथं ‘र’ची ओळ आणि ‘क’चा स्तंभ: जुळणी नाही, वर १, डावीकडे २, म्हणून डावीकडे. आता ‘र’ जुळतो, टिपला, पुन्हा तिरकस. ‘स’ जुळतो, टिपला. पुढे ० लागलं, थांबायचं. टिपलेली अक्षरं त, र, स. उलटी वाचली की ‘सरत’. वर आणि डावीकडे सारखेच आकडे असतील तेव्हा कुठंही वळलं तरी लांबी तीच मिळते, अक्षरं मात्र वेगळी निघू शकतात. त्यामुळे शेजारच्या मुलीच्या उत्तराशी आपलं जुळलं नाही म्हणून लगेच खोडरबर उचलू नये.

प्रोग्रॅममध्ये हे सगळं एवढ्यात मावतं:

```python
def lcs(x, y):
    m, n = len(x), len(y)
    L = [[0] * (n + 1) for _ in range(m + 1)]
    for i in range(1, m + 1):
        for j in range(1, n + 1):
            if x[i-1] == y[j-1]:
                L[i][j] = L[i-1][j-1] + 1
            else:
                L[i][j] = max(L[i-1][j], L[i][j-1])
    return L
```

परीक्षकांचा आवडता प्रश्न यानंतर येतो: जुळल्यावर तिरकसच का? वर किंवा डावीकडे जो मोठा आकडा असेल त्यात १ मिळवला तर काय बिघडेल? ‘कसरत’च्या टेबलात करून पाहावं, तर काहीच बिघडत नाही! सोळाच्या सोळा चौकटी बरोबर येतात. म्हणून ही चूक टिकून राहते. कारण दोन्ही शब्दांत एकही अक्षर दोनदा आलेलं नाही.

‘बन’ आणि ‘बबन’ घेतले की सोंग उघडं पडतं. उभा ‘बन’, आडवा ‘बबन’. ‘ब’च्या ओळीत पहिल्या ‘ब’खाली १. दुसऱ्या ‘ब’खाली पुन्हा जुळणी, चुकीच्या नियमानं डावीकडचा १ अधिक १, म्हणजे २. पण ‘बन’मध्ये ‘ब’ एकच आहे, तो दोनदा वापरला गेला. पुढे कोपऱ्यात येतो ३. दोन अक्षरी शब्दात जुळणारी अक्षरं तीन! तिरकस चौकट ही दोन्ही शब्दांतलं ते अक्षर वापरण्याआधीची स्थिती असते, म्हणून तिथून मोजलं की एक अक्षर एकदाच खर्ची पडतं आणि उत्तर २ येतं.

पायथॉनमध्ये दुसरी एक चूक याहून लबाड आहे. टेबल तयार करताना काही जण `[[0]*(n+1)]*(m+1)` असं लिहितात. दिसायला सुटसुटीत, पण त्यातून वेगवेगळ्या ओळी तयार होतच नाहीत. एकाच ओळीला अनेक नावं मिळतात. ‘कसरत’साठी कोपऱ्यातलं उत्तर तरीही ३ येतं. टेबल छापून पाहिलं तर सगळ्या ओळी एकसारख्या दिसतात: ०, १, २, २, ३. शून्यांची वरची ओळसुद्धा बदललेली. ‘बन’-‘बबन’ या जोडीला इथंही ३ येतो. असाइनमेंट तपासायला ही एक जोडी बाळगावी. झगमगीत लांबलचक उदाहरणांपेक्षा ती जास्त कामाची.

वरचे सगळे शब्द बिनमात्रांचे निवडले, ते मुद्दाम. ‘पाणी’ आणि ‘काठी’ देऊन पाहिले तर हाच प्रोग्रॅम उत्तर देतो २. एकही अक्षर सारखं नसताना? पायथॉनच्या लेखी ‘पाणी’ हा चार चिन्हांचा शब्द आहे: प, काना, ण आणि दीर्घ वेलांटी. जुळले ते काना आणि वेलांटी, ज्यांच्यावर बसले होते ती अक्षरं सोडून. नियम चुकलेला नाही, एकक चुकलं. मराठीवर हा प्रयोग करायचा तर आधी शब्दाचे ‘पा’, ‘णी’ असे तुकडे करून त्यांची यादी प्रोग्रॅमला द्यावी लागते. यादीतले तुकडे तुलना करण्याजोगे असले की झालं, ते काय आहेत याच्याशी टेबलाला देणंघेणं नसतं.

याच मोकळीकीवर `diff` ही आज्ञा उभी राहिली. दोन फाइलींत काय बदललं ते ती दाखवते, आणि तिचं एकक अक्षर नसून अख्खी ओळ असते. दोन्हीकडे क्रमानं सापडलेल्या ओळी म्हणजे एलसीएस. उरलेल्या ओळी पुसलेल्या किंवा नव्यानं घातलेल्या. ती बेल लॅब्समध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी घडवली, आणि जेम्स हंट यांच्यासह तिची रीत १९७६मध्ये मांडली. त्या रीतीत पूर्ण टेबल भरत नाहीत, फक्त जुळणाऱ्या जागांचा माग ठेवतात. कारण उघड आहे: ५०,००० ओळींच्या दोन फाइली घेतल्या तर चौकटी होतात २५० कोटी, आणि प्रत्येकीला चार बाइट धरले तर स्मृती लागते एक हजार कोटी बाइट.

नुसती लांबी हवी असेल तर एवढी जागा लागत नाही. प्रत्येक चौकट फक्त आपल्या आणि वरच्या ओळीकडे बघते, त्यामुळे दोनच ओळी आलटून पालटून वापरता येतात. पण मग उलटं चालायला वाट उरत नाही. डॅनियल हर्शबर्ग यांनी १९७५मध्ये त्यावर उपाय दाखवला: पहिला शब्द मधोमध कापायचा, वरचा अर्धा भाग पुढून आणि खालचा मागून दोन-दोन ओळींत भरायचा, दोन्हींची बेरीज सर्वांत मोठी येईल तिथं दुसरा शब्द कापायचा, आणि दोन्ही तुकड्यांवर हेच पुन्हा. काम साधारण दुप्पट होतं, जागा मात्र ओळीपुरतीच लागते. असाइनमेंटमध्ये “लांबी काढा” एवढंच छापलेलं असेल तर दोन ओळी पुरतात. “सबसीक्वेन्स छापा” असं असेल तर अख्खं टेबल ठेवा, नाहीतर हर्शबर्गची रीत लिहा.