मिटलेल्या स्क्रू गेजचं रीडिंग

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये ‘शून्य त्रुटी : नाही’ ही ओळ सर्रास दिसते. बऱ्याचदा ती मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरलेली असते. स्क्रू गेज मिटवून पाहिलेलाच नसतो. तारेची रोधकता काढण्याच्या प्रयोगात ही एक ओळ किती महागात पडते, ते आकड्यांतच पाहू.

नायक्रोमची एक मीटर तार आहे आणि तिचा रोध ७.६ ओहम भरला आहे. स्क्रू गेजवर तारेचा व्यास ०.४६ मिमी दिसतो. त्यावरून रोधकता येते सुमारे १.२६ × १०⁻⁶ ओहम-मीटर. नायक्रोमसाठी हा आकडा जास्तच वाटतो. आता तार काढून स्क्रू गेज मिटवला, तर वर्तुळाकार पट्टीचा शून्य संदर्भरेषेच्या खाली राहतो आणि रेषेसमोर तिसरा भाग येतो. लघुत्तम माप ०.०१ मिमी असल्याने शून्य त्रुटी झाली +०.०३ मिमी. ती वजा केली की खरा व्यास ०.४३ मिमी आणि रोधकता १.१० × १०⁻⁶. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून केसाहूनही बारीक असलेल्या त्या तीन भागांनी उत्तर चौदा टक्क्यांनी फुगवलं होतं.

इथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो. तारेवर पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी व्यास मोजला आणि सरासरी घेतली की चुका आपोआप जातात, असं त्यांना वाटतं. हाताच्या कमी-जास्त दाबामुळे येणारा फरक सरासरीत खरोखर कमी होतो. पण शून्य त्रुटी दहाही रीडिंगमध्ये तेवढीच आणि त्याच बाजूला बसलेली असते, त्यामुळे ती सरासरीतही जशीच्या तशी राहते. तिचा शोध फक्त मिटलेल्या स्क्रू गेजवरच लागतो.

मिटवण्याचीही रीत आहे. आधी दोन्ही जबड्यांमध्ये स्वच्छ कागद हलकेच धरून ओढून घ्यायचा, कारण धुळीचा एखादा कणही रीडिंग बदलतो. मग रॅचेटचा टकटक आवाज येईपर्यंतच फिरवायचं. डोकं धरून पिळलं तर दाब वाढतो आणि शून्य पुढे सरकतो. असं तीन-चारदा करून प्रत्येक वेळचा आकडा लिहावा, आणि मोजणी संपल्यावर पुन्हा एकदा. सुरुवातीला तीन भाग आणि शेवटी पाच आले, तर मधे काहीतरी सैल झालं आहे किंवा जबड्यांत घाण अडकली आहे. मग ती सगळी रीडिंग पुन्हा घेतलेली बरी.

चिन्हाचा घोळ याहून वाईट. शंभर भागांच्या पट्टीवर शून्य रेषेच्या वर जाऊन समोर ९७ आला, तर त्रुटी ०.९७ नसते, ती −०.०३ असते. आपल्या उदाहरणात वजा करण्याऐवजी मिळवलं असतं, तर व्यास ०.४९ झाला असता आणि रोधकता तीस टक्क्यांनी चुकली असती. म्हणून कृतीत ‘त्रुटी दुरुस्त केली’ एवढंच लिहिणं मला अपुरं वाटतं. दिसलेलं रीडिंग, चिन्हासह त्रुटी आणि दुरुस्त मूल्य असे तिन्ही आकडे दिले, तर तपासणाऱ्याला चूक कुठे झाली ते सापडतं.

शून्य बरोबर असला म्हणजे पुढची पट्टीही बरोबर असते, असं मात्र नाही. स्क्रूचे आटे झिजले असतील, तर शून्यापाशी सगळं ठीक आणि पाच-सहा मिलिमीटरपाशी फरक, असं होऊ शकतं. त्यासाठी माहीत असलेल्या मापाची वस्तू मोजून पाहावी लागते. कारखान्यात त्याला स्लिप गेज वापरतात. शाळेत ते नसतील, तर सायकलच्या मागच्या चाकातला पाव इंची नवा छर्रा चालतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, आणि चांगल्या बेअरिंगच्या छऱ्यांचं माप स्क्रू गेजच्या लघुत्तम मापापेक्षा कितीतरी काटेकोर असतं. आपल्या स्क्रू गेजवर तो ६.३८ दिसला, तर ०.०३ वजा जाऊन हिशेब जुळतो. ६.४२ दिसला, तर आधी दुसरा छर्रा मोजावा. तोही तेवढाच आला तर दोष उपकरणात आहे.

कृतीत हे असं लिहिता येईल: ‘जबडे पुसून रॅचेटने चार वेळा मिटवले, प्रत्येक वेळी तिसरा भाग रेषेसमोर आला. शून्य त्रुटी +०.०३ मिमी, मोजणीनंतरही तेवढीच. ६.३५ मिमीच्या नव्या छऱ्याचं रीडिंग ६.३८, दुरुस्तीनंतर ६.३५ मिमी. तारेच्या व्यासाच्या सर्व रीडिंगमधून ०.०३ मिमी वजा केले.’

एवढं करूनही ०.०१ मिमीची अनिश्चितता उरतेच. ०.४३ मिमीच्या तारेसाठी ती रोधकतेत जवळपास पाच टक्के होते, त्यामुळे अंतिम उत्तर १.१० ± ०.०५ असं लिहावं लागेल.