पहिल्या कादंबरीला प्रोलॉग हवा का?

प्रोलॉग म्हणजे पहिल्या प्रकरणाआधी येणारा, बहुधा वेगळ्या काळातला किंवा वेगळ्या पात्राचा छोटा तुकडा. प्रस्तावनेसारखा तो कथेबाहेर नसतो, कथेतच असतो. नवोदितांच्या हस्तलिखितांत तो बऱ्याचदा दिसतो आणि त्याचे खरे कारण पुष्कळदा एकच असते: पहिले प्रकरण संथ आहे, हे लेखकाला मनातून ठाऊक असते. म्हणून आधी एक खून, आग किंवा पळापळ. पण त्यामुळे वाचकाला दोनदा बस्तान बसवावे लागते. एका माणसात जरा गुंतावे, तोच पान उलटते आणि तीस वर्षांनंतरचा भलताच माणूस समोर येतो.

प्रोलॉग कमावलेला असू शकतो. डोना टार्टच्या ‘द सीक्रेट हिस्टरी’ (1992) या पहिल्याच कादंबरीत तो आहे. बनी मेला आणि त्यात निवेदकाचाही हात होता, हे तिथेच कळते. प्रत्यक्ष खून मात्र कादंबरीच्या जवळपास मध्यावर होतो. त्यामुळे ‘कोणी मारले?’ हा प्रश्न निकालात निघून ‘का मारले?’ एवढाच उरतो आणि कॉलेजातल्या साध्या गप्पांनाही ताण येतो. तो प्रोलॉग काढला, तर पुढच्या शेकडो पानांचा अर्थच बदलेल. याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (1963), तीही पहिलीच कादंबरी, निवेदक थेट स्वतःची ओळख करून देतो आणि त्याच्या बोलण्याची ढबच वाचकाला धरून ठेवते.

एक कल्पित उदाहरण घ्या. प्रोलॉगमध्ये 1989 सालच्या एका रात्री एक मुलगी घर सोडते. पहिल्या प्रकरणात आजचे भाऊ वडिलोपार्जित जमीन विकायला निघाले आहेत. आता प्रोलॉग वगळून कादंबरी तलाठ्याच्या टेबलापाशी सुरू करू. वडिलांनंतरची वारसनोंद चालू आहे.

“बहीण एकच का?” तलाठी विचारतो.

“एकच,” थोरला म्हणतो.

“भाऊसाहेब, दोन होत्या,” धाकटा पुटपुटतो.

“होत्या म्हणजे? मृत्यूचा दाखला आणलाय?”

थोरला कागद गोळा करू लागतो.

बहीण नाहीशी झाली आहे, दाखला नाही आणि भावांचे एकमत नाही, हे सगळे आले. शिवाय जमिनीचा व्यवहार अडल्यामुळे भूतकाळ आजच्या गरजेतून उकरला जाणार. ती रात्र मग मध्यावर सांगता येईल, तेव्हा तिचे वजनही वाढलेले असेल. मात्र त्याच टेबलापाशी थोरल्याला सगळा इतिहास आठवू दिला, तर प्रोलॉगच मागच्या दाराने आत आला असे समजावे.

निर्णय घेण्यासाठी हस्तलिखित प्रोलॉगशिवाय एखाद्या नव्या वाचकाला द्यावे आणि तो कुठे अडतो ते पाहावे. कुठेच अडला नाही, तर प्रोलॉग काढून टाकावा. पहिल्या प्रकरणातच कंटाळला, तर दुरुस्ती त्या प्रकरणाची करावी.