चोवीस कुंड्या आणि एक रविवार

सकाळी आठची एस.टी. गाठायची आणि संध्याकाळी सातच्या पुढे घरी यायचे, असा आमचा आठवड्याचा क्रम आहे. कोल्हारला प्रवरेच्या काठच्या गावात आमचे दोन खोल्यांचे घर, पुढे ओसरी आणि वर गच्ची. या तीन जागांत मिळून आज चोवीस कुंड्या आहेत. कुणी फांदी दिली, कुणी रोप दिले, कुठे बाजारात स्वस्त मिळाले, असे करत करत हा संसार वाढला. नोकरी सांभाळून एवढ्या निरनिराळ्या झाडांचे करता कसे, असे शेजारीपाजारी विचारतात. म्हणून आमची आठवड्याची पद्धत आज वाचकांपुढे ठेवतो. पण आधी आम्ही काय चुकलो, ते सांगितले पाहिजे.

सुरुवातीला आम्ही कार्यालयातून आलो की हातपाय धुऊन प्रत्येक कुंडीला एक तांब्या पाणी घालत असू. सर्वांना सारखे, रोज, न चुकता. कुणावर अन्याय नको, हा विचार! पहिल्याच पावसाळ्यात कोरफड बुडापासून मऊ होऊन आडवी झाली. स्नेक प्लांटची उभी पाने मुळाशी पिवळी पडून हातात आली. उन्हाळ्यात मात्र त्याच एका तांब्यावर गच्चीवरची जास्वंद दुपारी माना टाकू लागली. सर्वांना सारखे पाणी देणे म्हणजे समान न्याय नव्हे, हे आम्हांला झाडांनी शिकवले.

सगळ्यांत मोठा धक्का मोगऱ्याने दिला. आमच्या आईने माहेरच्या अंगणातून फांदी आणून लावलेला तो मोगरा. एका श्रावणात त्याची पाने पिवळी पडून गळू लागली, शेंडे लोंबू लागले. तहानला असेल म्हणून आम्ही आणखी पाणी घातले. शेजारच्या काकी एकदा पाहून म्हणाल्या, "अहो भाऊ, झाडाला पाणी घालताय की बुडवताय? खालची थाळी तर बघा." थाळी काठोकाठ भरलेली होती. कुंडी उपडी करून पाहिले, तर मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली आणि मातीला कुबट वास. मुळांना पाण्याबरोबर हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की हवा मिळत नाही, मुळे कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते.

म्हणून पहिली खूणगाठ ही बांधावी. झाडाने माना टाकल्या की तांब्या उचलण्याआधी बोट मातीत घालावे. माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे, पाणी दिल्यावर काही तासांत ते ताठ होते. माती ओली असून झाड लोंबत असेल तर दुखणे मुळाशी आहे, आणि आणखी पाणी देणे म्हणजे विष देणे.

मोगऱ्याची कुजलेली मुळे आम्ही स्वच्छ कात्रीने कापली, पांढरी मुळे ठेवली, वरच्या फांद्याही तिसऱ्या हिश्शाने छाटल्या. नवी माती घातली ती मात्र विचार करून. आमच्याकडची काळी माती शेतात उसाला चांगली, पण नुसती कुंडीत भरली तर ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की तडकते. मग वरून घातलेले पाणी कडेच्या भेगेतून सरळ खाली जाते आणि आतली माती कोरडीच राहते. त्यासाठी एक घमेले काळी माती, एक घमेले बांधकामाची जाड वाळू आणि एक घमेले चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण केले. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवला. झाड पंधरा दिवस सावलीत ठेवले. दीड महिन्याने हिरवा कोंब दिसला आणि पुढच्या उन्हाळ्यात कळ्या धरल्या.

त्यानंतर आम्ही कुंड्यांच्या तीन रांगा केल्या. पहिली रांग तहानलेल्यांची: मोगरा, दोन जास्वंदी, दोन गुलाब, शेवंती, पुदिना, गवती चहा आणि सावलीतला नेचा, अशा नऊ. यांची वरची एक पेरभर माती कोरडी झाली की पाणी द्यायचे. दुसरी रांग मधल्यांची: मनीप्लांट तीन, क्रोटन दोन, सदाफुली दोन आणि कढीपत्ता, अशा आठ. यांना बोटाची दोन पेरे कोरडी लागली तरच पाणी. तिसरी रांग साठवणाऱ्यांची: कोरफड, स्नेक प्लांट, पानफुटी, पानाचा ओवा, निवडुंग, अशा सात. यांच्या पानांत वा खोडात पाणी साठलेले असते. म्हणून कुंडी पार तळापर्यंत सुकली तरच द्यायचे. बोट पोहोचत नाही, तेव्हा बांबूची काडी खुपसून पाहावी, कोरडी बाहेर आली तर माती सुकली. रांग म्हणजे एकाच जागी ठेवणे नव्हे. जागा उन्हाप्रमाणे ठरते, रांग तहानेप्रमाणे. आम्ही कुंडीच्या काठावर तैलरंगाचा एक, दोन, तीन असा ठिपका दिला आहे. त्यामुळे घरातली मुलेही चुकत नाहीत.

पाणी द्यायचे तेव्हा मात्र पोटभर द्यावे. दहा इंची कुंडीला साधारण एक लिटर, खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत. अर्ध्या तासाने थाळीतले पाणी ओतून टाकावे. वरवर शिंपडले तर मुळे वरच घुटमळतात आणि एका कडक उन्हात करपतात.

आता आठवड्याचा क्रम. रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी एक तास आम्ही झाडांना देतो. पहिली वीस मिनिटे पाण्याला हात लावत नाही, नुसते पाहतो. प्रत्येक झाडाची दोन-चार पाने उलटी करून बघतो, कारण कीड पानाच्या पाठीमागे लपते. खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली तर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असे समजावे, मुंग्या त्यांच्या गोड चिकट्यासाठी येतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. पानावर फिकट बारीक ठिपके आणि मागे तलम जाळी म्हणजे लाल कोळी, तो उन्हाळ्यात फार.

आजारी कुंडी लगेच तीन-चार फूट लांब ठेवावी. पिठ्या ढेकूण असल्यास काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये भिजवून पुंजके पुसून काढावेत. कोळी असल्यास पाने पाठीमागून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावीत. मग संध्याकाळी एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा कडुनिंबाचे तेल आणि अर्धा चमचा भांड्याचा पातळ साबण घुसळून फवारावे. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी पाहावे. उन्हात कधी मारू नये, पान भाजते. येथेच पुष्कळजण फसतात. एकदा फवारले, कीड दिसेनाशी झाली, विषय संपला असे वाटते. पण अंडी फवाऱ्याने मरत नाहीत, ती काही दिवसांनी फुटतात. म्हणून लागोपाठ तीन रविवार फवारणी करावी. पाण्याला आठवडा हे माप लागू पडत नाही, किडीला मात्र ते नेमके लागू पडते.

पुढची वीस मिनिटे बोट घालून तपासणे आणि ज्याला हवे त्याला पाणी. उरलेल्या वेळात पिवळी पाने काढणे, मनीप्लांट आणि स्नेक प्लांटची पाने ओल्या फडक्याने पुसणे. नगर-मनमाड रस्त्याची धूळ आमच्याकडे फार येते, आणि धुळीखाली पानाला उजेड मिळत नाही. घरातल्या कुंड्या पाव वळणाने फिरवतो, म्हणजे झाड एकाच अंगाला झुकत नाही. महिन्यातल्या पहिल्या रविवारी पहिल्या दोन रांगांना मूठभर गांडूळखत. आजारी झाडाला आणि नुकत्याच बदललेल्या कुंडीला खत देत नाही.

हा सगळा हिशेब शाळेच्या वहीत असतो, कारकुनाची सवय! रकाने चारच: झाड, रांग, माती आणि शेरा. मे महिन्यातल्या एका रविवारचे पान सांगतो. मोगरा, पहिली रांग, पेरभर कोरडी, एक लिटर दिले. क्रोटन, दुसरी रांग, एक पेर कोरडे, खाली ओल, पाणी दिले नाही. कोरफड, तिसरी रांग, काडी खाली ओलसर, दिले नाही. जास्वंद, पहिली रांग, खोडावर मुंग्या, शेंड्यात पांढरे पुंजके, वेगळी ठेवली, पहिली फवारणी. "पहिली" हा शब्द लिहिला म्हणूनच पुढच्या रविवारी दुसरी आठवली.

मधल्या दिवसांत काम थोडे. बुधवारी सकाळी दहा मिनिटे पहिल्या आणि दुसऱ्या रांगेला बोट लावायचे. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या पहिल्या रांगेला रोज सकाळी पाणी लागते, ते मुलांकडे दिले आहे. नऊ कुंड्यांना एक बादली पुरते. पावसाळ्यात उलट, बुधवारी बहुधा नुसत्या थाळ्या रिकाम्या करायच्या. तिसऱ्या रांगेला उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी, पावसाळ्यात कधीकधी महिनाभरही पाणी लागत नाही.

बोअरच्या पाण्याचे एक सांगितले पाहिजे. अशा क्षारयुक्त पाण्याने मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो, पानांच्या कडा तपकिरी होतात. तो थर खरवडून काढावा आणि महिन्यातून एकदा कुंडीतून दुप्पट पाणी वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातात. पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवले तर उत्तमच. पण मोगऱ्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर ती पाण्याची कमतरता नव्हे. चुनखडीच्या पाण्या-मातीत झाडाला लोह घेता येत नाही. अशा वेळी कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणून पाकिटावरील प्रमाणातच द्यावे.

राहता राहिला गावाला जाण्याचा प्रश्न. सहा डिसेंबरला आम्ही सहकुटुंब चैत्यभूमीवर जातो, तीन-चार दिवस घर बंद असते. थंडीचे दिवस म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेची चिंता नसते. पहिल्या रांगेला निघण्याच्या सकाळी पोटभर पाणी देऊन सगळ्या कुंड्या ओसरीच्या सावलीत जवळजवळ ठेवतो. पुदिना आणि नेचा यांच्यासाठी जाड सुती नाडी भिजवून तिचे एक टोक मातीत चार बोटे पुरतो आणि दुसरे शेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात सोडतो. नाडी पाणी ओढून माती ओलसर ठेवते. जाण्याच्या आदल्या दिवशी हे करून पाहावे, नाहीतर कधी डबा तासाभरात रिकामा होतो, कधी नाडी पाणीच ओढत नाही.

या डिसेंबरात परत आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. पिशव्या खाली ठेवून आम्ही आधी आईच्या मोगऱ्याच्या कुंडीत बोट घातले. खाली ओल होती. पाणी न घालता झोपायला गेलो.