सारांशलेखन : तीस शब्दांचे दहा

दहावीच्या मराठी कुमारभारतीत अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. बहुतेक जण मूळ वाक्ये कापत बसतात; तिथेच गडबड होते. हा उतारा पाहा :

‘मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बे येथे 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. ती भारतातील पहिली अणुभट्टी होती. भट्टीच्या पाण्यातला निळा प्रकाश पाहून पंडित नेहरूंनी तिला हे नाव दिले.’

शब्द तीस, म्हणजे सारांश दहाचा. आधी न गाळता येणारे मुद्दे ठरवावेत : स्थळ, वर्ष, पहिलेपण, नावामागचे कारण. तारीख आणि किनारा गेला तरी चालतो. नेहरूंचे नाव गाळताना हात अडतो, पण उतारा भट्टीविषयी आहे. मग मूळ उतारा झाकून लिहावे :

‘1956मध्ये ट्रॉम्बेत सुरू झालेली देशातली पहिली अणुभट्टी निळाईमुळे ‘अप्सरा’ ठरली.’

तीन वाक्यांचे एक झाले, ‘निळा प्रकाश’ची ‘निळाई’ झाली. पहिलेच वाक्य जसेच्या तसे उतरवले असते, तर चौदा शब्द खर्चूनही नावाचे कारण राहून गेले असते. अणुऊर्जेवरचे स्वतःचे मत घातले, तर मात्र तो सारांश उरत नाही.