झोपायच्या खोलीतला शांत कॉम्प्युटर

एका लयीत चालणारा पंखा रात्री कानाला सवयीचा होतो. झोप मोडतो तो मध्येच चढणारा आणि लगेच उतरणारा आवाज. त्यामुळे शांत डेस्कटॉप जुळवताना पंखे सावकाश फिरायला हवेत, आणि त्यांचा वेग सारखा बदलताही कामा नये.

पंख्याचा वेग निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते, पण आवाज जवळजवळ 15 डेसिबलने उतरतो. तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर त्यात जेमतेम 3 डेसिबलची भर पडते. म्हणजे एका वेगवान पंख्याचं काम दोन संथ पंखे कितीतरी कमी आवाजात करतात. मात्र निम्म्या वेगात हवेचा जोर पाव होतो. म्हणून कॅबिनेटचं तोंड जाळीचं हवं. बंद काचेच्या कॅबिनेटमध्ये संथ पंखे नुसतेच फिरत राहतात.

रायझेन 5 7600 चं उदाहरण घेऊ. यात ग्राफिक्स आतच असल्याने वेगळं कार्ड, म्हणजे आणखी पंखे, लागत नाहीत. पूर्ण ताणावर हा प्रोसेसर 88 वॅटपर्यंत जातो. त्यावर 140 मिलिमीटर पंख्याचा उंच टॉवर हीटसिंक बसवावा. असे हीटसिंक 165 मिलिमीटरपर्यंत उंच असतात, तेव्हा कॅबिनेटमध्ये किती उंची मावते हे विकत घेण्याआधीच पाहावं.

ब्राउझर उघडला की प्रोसेसरचं तापमान क्षणात 15-20 अंशांनी उडी मारतं. तेवढ्यात हीटसिंकचा जड धातू तापतही नाही, पण पंखा मात्र घाबरून धावतो. बायोसमध्ये 65 अंशांपर्यंत वेग 600 फेऱ्यांवर धरून ठेवावा, 85 अंशांना 1000 च्या आसपास न्यावा आणि प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर द्यावा. ही सेटिंग फुकट आहे आणि माझ्या मते महागड्या पंख्यांपेक्षा जास्त उपयोगी. फक्त ती मे महिन्यातल्या दुपारी तपासावी: खोली दहा अंशांनी तापली की आतले आकडेही जवळपास तेवढेच चढतात.

पॉवर सप्लाय 80 प्लस गोल्ड दर्जाचा, कमी भारावर पंखा थांबवणारा घ्यावा. कॉम्प्युटर 120 वॅट ओढत असेल तर सप्लायमध्ये उष्णतेच्या रूपाने 13 वॅटच्या आसपास वाया जातात; तेवढ्यासाठी पंखा लागत नाही. काही मॉडेलांत यासाठी मागे बटण असतं, ते दाबलेलं आहे ना हे बघा.

एवढं करूनही आवाज उरला तर बायोसमधून एकेका पंख्याचा वेग थोडा वेळ अगदी खाली आणून कान द्यावा. प्रोसेसरचा पंखा मात्र पूर्ण थांबवू नये. बारीक घरघर आणि टेबलाला हात लावल्यावर जाणवणारी थरथर असेल तर ती जुन्या हार्ड डिस्कची. तिथे एसएसडी बसवावी. स्क्रीनवरचं पान सरकवताना बदलणारी तीक्ष्ण किणकिण मात्र पंख्याची नसते. ती मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लायमधल्या कॉइलची असते, आणि पंख्याच्या कुठल्याही सेटिंगने ती जात नाही. परतीची मुदत संपण्याआधी तो भाग बदलून घ्यावा.